प्रकल्प नोंदी: वाचनालयाचा स्लॅब, आणि पाच दिवसांचे बारा दिवस

काम इंदूरचे. मंडळाच्या इमारतीमागे वाचनालयाची ५ मीटर बाय ८ मीटरची खोली आहे. तिचा गळका पत्रा काढून वर आरसीसी स्लॅब टाकायचा, आतून गिलावा, फरशी, रंग आणि वीज करायची. गुढीपाडव्याला, म्हणजे ३० मार्च २०२५ला, खोली वापरात हवी. या नोंदी वेळापत्रकाच्या आहेत. बांधकामाचे तपशील तारखा समजायला लागतील तेवढेच दिले आहेत.

५ जानेवारी, काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी

कामे एकामागून एक मांडली. आठवडी सुट्टी त्या त्या कामाच्या दिवसांतच धरली आहे. धुळवड (१४ मार्च) आणि रंगपंचमी (१९ मार्च) या दोन सुट्ट्या वेगळ्या काढल्या. इंदुरात गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी कुणी थापी हातात धरत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे.

| काम | दिवस | संपेल |
|---|---|---|
| पत्रा, कैच्या काढणे | ४ | ९ जानेवारी |
| भिंतींची डागडुजी, वरची काँक्रीट पट्टी | ८ | १७ जानेवारी |
| सेंट्रिंग | ६ | २३ जानेवारी |
| सळई बांधणे, विजेचे पाइप | ४ | २७ जानेवारी |
| स्लॅब ओतणे | १ | २८ जानेवारी |
| टेकू उभे ठेवणे | १४ | ११ फेब्रुवारी |
| टेकू काढणे, सफाई | २ | १३ फेब्रुवारी |
| छत आणि भिंतींचा गिलावा | ८ | २१ फेब्रुवारी |
| गिलाव्यावर पाणी मारणे | ७ | २८ फेब्रुवारी |
| फरशी | ६ | ६ मार्च |
| पुट्टी, रंग | ९ | १६ मार्च |
| दिवे, पंखे, बटणे | २ | १८ मार्च |
| सफाई, कपाटे लावणे | २ | २१ मार्च |

ही साखळी म्हणजेच आपला क्रिटिकल पाथ. यातले कुठलेही काम एक दिवस लांबले की २१ मार्चही एक दिवस लांबतो. पाडव्याआधी २२ ते २९ मार्च असे आठ दिवस हातात राहतात.

बाजूने दोन फांद्या चालतात. पहिली खिडक्या-दरवाजांच्या चौकटींची. १७ जानेवारीला मापे पक्की होतील, बनायला १८ दिवस, बसवायला २, म्हणजे ६ फेब्रुवारी. गिलावा १४ फेब्रुवारीला सुरू होणार, त्याआधी चौकटी बसलेल्या हव्यात. सवड सात दिवसांची. दुसरी फांदी गच्चीवरच्या कोब्याची: स्लॅबवर १४ दिवस पाणी, मग कोबा ६ दिवस, त्यावर पाणी ७ दिवस, आणि शेवटी गच्चीत पाणी तुंबवून ३ दिवस गळती बघायची. हे पुट्टीच्या आधी संपायला हवे, नाहीतर छताचा रंग पहिल्याच पावसात फुगेल. इथेही सवड सात दिवसांची.

पत्रक साध्या स्प्रेडशीटमध्ये केले. क स्तंभात दिवस, ड स्तंभात संपण्याची तारीख, आणि सुट्ट्यांचा स्तंभ वेगळा. माणसांच्या कामाला पहिले सूत्र, नुसते थांबायचे असेल तिथे दुसरे:

```
=WORKDAY.INTL(D5, C6, "0000000", $H$2:$H$12)
=D6+C7
```

सात शून्ये म्हणजे आठवड्याचा एकही वार आपोआप सुट्टी धरू नये. फक्त एच स्तंभातल्या तारखा वगळाव्यात. दुसऱ्या सूत्रात सुट्ट्या नाहीत, कारण काँक्रीट धुळवडीलाही घट्ट होतच असते. एखाद्या कामाआधी दोन कामे संपायची असतील तर `D5`च्या जागी `MAX(D5,D11)` असे लिहायचे.

क्रिटिकल पाथ बरोबर मांडला की नाही हे तपासायला उलटी बेरीज करत बसलो नाही. प्रत्येक कामाच्या दिवसांत एक वाढवून शेवटची तारीख हलते का ते पाहिले आणि पूर्ववत केले. तेरा कामे हलवतात, चौकटी आणि कोबा हलवत नाहीत. दहा मिनिटांत झाले.

१७ जानेवारी

वेळेवर. भिंतीवरची पट्टी झाली. चौकटींची मापे आजच दिली.

२७ जानेवारी, संध्याकाळ

उद्या स्लॅब. आज इंजिनिअर तपासायला आले आणि काम थांबले.

नकाशात आखूड बाजूला १० मिमी सळई, दर १५० मिमीवर. बांधलेली निघाली ८ मिमी. दुकानातून दोन्ही दिशांना एकच माल आला होता, आणि उतरवताना कुणी पाहिले नाही. हे ओळखायला एक मीटर तुकडा वजन करणे पुरते: १० मिमीचा ६१७ ग्रॅम भरतो, ८ मिमीचा ३९५. २४ तारखेला टेम्पो उभा असतानाच हे केले असते तर माल तसाच परत गेला असता आणि एक दिवससुद्धा गेला नसता. आता ५७ सळया बांधून झाल्या आहेत.

दोन वाटा होत्या. इंजिनिअरनी सांगितले की ८ मिमीच ठेवायची असेल तर दर ९५ मिमीवर बांधा. एका सळईचे क्षेत्र ७८.५ऐवजी ५०.३ चौरस मिमी असल्याने अंतर त्या प्रमाणात कमी करावे लागते. म्हणजे ५७च्या जागी ९० सळया. जास्तीच्या ३३ सळयांना सुमारे ७२ किलो लोखंड लागले असते, ते त्याच दुकानात तयार होते, आणि बांधायला एक दिवस. दुसरी वाट: सगळी ८ मिमी सोडवून परत द्यायची आणि १० मिमी आणायची. दुकानदार म्हणाला, "उद्या सकाळी पोचवतो." मिस्त्रीलाही ९० सळयांच्या गाठी मारायचा कंटाळा होता.

आम्ही दुसरी वाट धरली. ती चूक होती. पहिल्या वाटेत एक दिवस नक्की जाणार होता. दुसरीत सगळे सुरळीत झाले तरी सोडवून पुन्हा बांधायला दीड दिवस जाणारच होता, वर गाडी येण्याची खात्री फक्त तोंडी. चौकटींच्या फांदीवर असा सौदा चालला असता. इथे सवड शून्य होती.

उद्याचा मिक्सर आणि ओतणारी टोळी रद्द केली. रद्द करण्याचे १,५०० रुपये गेले.

३१ जानेवारी

१० मिमी सळई काल दुपारी आली. "उद्या सकाळ" तिसऱ्या दिवशी उजाडली. आज संध्याकाळी बांधून झाली, इंजिनिअरनी पास केली.

आता मिक्सर नाही. ओतणारी टोळी १ तारखेला दुसरीकडे गुंतलेली. स्लॅब सुमारे ७ घनमीटरचा, ५६ पोती सिमेंट, एका दमात ओतायचा. अर्धी माणसे घेऊन दोन दिवसांत करायचे काम नाही, मध्ये सांधा राहतो. म्हणून २ फेब्रुवारी.

म्हणजे सळईने चार दिवस खाल्ले आणि पाचवा टोळीने. हा पाचवा दिवस पत्रकात कुठेच दिसत नव्हता. स्लॅब ओतणे हे पत्रकात एक दिवसाचे काम आहे, पण खरे तर ती ठरावीक दिवसाची बुकिंग आहे. ती एकदा हुकली की दुसऱ्या दिवशी मिळत नाही, टोळी मोकळी होईल तेव्हा मिळते. आता त्या ओळीशेजारी शेरा लिहिला: "हुकल्यास किमान २ दिवस."

२ फेब्रुवारी, रविवार

स्लॅब झाला. सकाळी आठ ते दुपारी साडेतीन. ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे सहा क्यूब भरून ठेवले.

पत्रकात स्लॅबची तारीख बदलली. शेवटची तारीख २१ मार्चवरून २६ मार्चवर गेली. पाच दिवस उशीर, पाच दिवसांनी पुढे. पाडव्याआधी अजून तीन दिवस मोकळे दिसत होते, म्हणून कुणी फारसे मनावर घेतले नाही.

४ फेब्रुवारी

पत्रक खोटे ठरले.

मुकादमाला नव्या तारखा सांगताना त्याने सहज विचारले, "फरशी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात? तेव्हा मजूर कुठून आणणार?" इंदुरातले बांधकामावरचे बरेच मजूर झाबुआ, अलीराजपूर, धारकडचे. होळीआधीचा आठवडा भगोरियाचा, म्हणजे तिकडच्या आदिवासी हाट-जत्रांचा. यंदा हाट ७ ते १३ मार्च, १४ला धुळवड. ती माणसे ६च्या रात्री गावाला निघतात आणि १५च्या आधी परतत नाहीत. जास्त मजुरी देऊन कुणी थांबत नाही, आणि थांबवूही नये.

आमच्या सुट्ट्यांच्या यादीत हे नव्हते, कारण मूळ पत्रकात त्याची गरजच पडली नव्हती. फरशी ६ मार्चला संपत होती आणि ७ला रंगारी येणार होते. रंगारी इथलेच. मूळ वेळापत्रक भगोरियाच्या उंबरठ्यावर येऊन थांबत होते, तेही निव्वळ योगायोगाने.

७ ते १४ मार्च या तारखा मजुरांच्या सुट्ट्यांत टाकल्या आणि रंगाऱ्यांसाठी वेगळा सुट्टी-स्तंभ केला. नवा हिशेब असा आला:

टेकू १६ फेब्रुवारीपर्यंत उभे. ते काढणे १८पर्यंत. गिलावा २६ फेब्रुवारीपर्यंत, त्यावर पाणी ५ मार्चपर्यंत. फरशी ६ मार्चला सुरू, एकच दिवस काम, मग आठ दिवस खोली बंद. पुढे १५ ते १८ मार्च काम, १९ला रंगपंचमी, २०ला फरशी संपली. रंग २१ ते २९. वीज ३१पर्यंत. सफाई होऊन खोली तयार २ एप्रिलला.

२१ मार्च ते २ एप्रिल, बारा दिवस. उशीर पाचच दिवसांचा, पण त्याने फरशीचे काम भगोरियात ढकलले आणि तिथे आणखी सात दिवस चिकटले. पाडवा चुकला.

५ जानेवारीची एक-एक दिवस वाढवून पाहण्याची तपासणी इथे अपुरी पडली. सुट्ट्यांची यादीच अर्धी होती, हे एक. दुसरे असे की, एका दिवसाच्या धक्क्याने किती नुकसान होईल हे पाच दिवसांच्या धक्क्याला पाचपट करून सांगता येत नाही. यापुढे प्रत्येक कामाला +१ आणि +५ असे दोन्ही लावून पाहायचे. +५ला शेवटची तारीख पाचापेक्षा जास्त हलली तर पुढे कुठेतरी भिंत उभी आहे.

५ फेब्रुवारी

आज सात दिवस परत कुठून मिळवायचे याची बैठक झाली. पहिली सूचना अपेक्षित होती: टेकू लवकर काढा, सात दिवसांत काढतात की.

काढतात, पण लहान स्लॅबचे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या स्लॅबचे टेकू ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे आधारांमधल्या अंतराला, ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे. आपला आखूड गाळा ५ मीटर. शिवाय हे आकडे हवेचे तापमान १५ अंशांखाली जात नसेल तर लागू होतात, आणि सध्या इथे रात्री त्याहून थंड आहेत. म्हणून १४ दिवसही आपोआप पुरेसे धरायचे नाहीत. १४ दिवसांचे क्यूब फोडून पाहायचे आणि मगच हात लावायचा असे ठरले. या ओळीतून एक दिवसही काढायचा नाही.

दुसरी सूचना: गिलाव्याला दुप्पट मिस्त्री. छताच्या गिलाव्याला एकच परांची बांधली जाते आणि ५ बाय ८च्या खोलीत दोन जोड्या एकमेकांच्या बादल्यांत पाय घालतात. आठचे सात होतील, सहा होणार नाहीत. एका दिवसासाठी दुप्पट मजुरी परवडत नाही, बाजूला ठेवले.

तिसरी सूचना फरशीवाल्याची, आणि ती कामाची निघाली: गिलाव्यावर पाणी मारणे (इकडे मिस्त्री त्याला तराई म्हणतात) पूर्ण सात दिवस संपायची वाट कशाला? पाणी भिंतीवर मारायचे, काम जमिनीवर. दोन दिवस झाले की फरशी आतल्या टोकाकडून सुरू करता येईल. भिंतीच्या तळाशी लागणारी खालची पट्टी तेवढी शेवटी लावायची. म्हणजे फरशी १ ते ६ मार्च. भगोरियाच्या आदल्या रात्री संपते.

पत्रकात फरशीची सुरुवात "पाणी मारणे संपल्यावर" ऐवजी "गिलावा संपून २ दिवसांनी" अशी केली. पुट्टी ७ मार्चला, शेवटची तारीख पुन्हा २१ मार्च! गेलेले सगळे दिवस परत. इतके सोपे वाटले तेव्हाच शंका यायला हवी होती.

१६ फेब्रुवारी

चौकटींची गंमत. कारखान्यातून त्या ४ला यायच्या, आल्या १४ फेब्रुवारीला, दहा दिवस उशिरा. रोज फोन, रोज बोलाचाली. आज बसवून झाल्या. मूळ पत्रकात सवड सात दिवसांची होती, म्हणजे या उशिराने गिलावा तीन दिवस अडला असता. पण स्लॅब लांबल्यामुळे गिलावाच १४वरून १९ फेब्रुवारीवर गेला होता. सवड आपोआप बारा दिवसांची झाली आणि दहा दिवसांचा उशीर तिच्यात मावला.

सगळ्यात जास्त आरडाओरड या दहा दिवसांवर झाली आणि त्यांची किंमत शून्य. सळईच्या चार दिवसांना मात्र त्या वेळी कुणी "उशीर" म्हटलेही नव्हते.

आज रविवार. टेकूंचे १४ दिवस आज पूर्ण झाले, पण प्रयोगशाळा बंद. क्यूब उद्या फुटतील. ओतायची तारीख ठरवताना चौदाव्या दिवशी कुठला वार येतो हे पाहिले नव्हते.

१८ फेब्रुवारी

काल सकाळी तीन क्यूब फोडले, सरासरी १८.४ न्यूटन प्रति चौरस मिमी. काँक्रीट एम २० दर्जाचे, चौदाव्या-पंधराव्या दिवसाला हे ठीक. दुपारपासून टेकू मधल्या ओळीपासून बाहेरच्या बाजूला काढत नेले. आज संध्याकाळी खोली मोकळी. अर्धा दिवस प्रयोगशाळेने घेतला होता, तो दोन माणसे वाढवून भरून काढला.

सेंट्रिंगचे ठोक भाडे १३ तारखेपर्यंत होते. पुढचे पाच दिवस रोज ८५० प्रमाणे ४,२५० रुपये.

२६ फेब्रुवारी

गिलावा संपला. महाशिवरात्र असूनही मिस्त्री आला, दुपारपर्यंत.

६ मार्च

फरशी संपली, सांधे भरले. दिवसाला साधारण ७ चौरस मीटर पडले, एक मिस्त्री आणि दोन मदतनीस. भिंतीवर पाणी मारणे कालपर्यंत चालू होते. पाणी फरशीवर यायचे, पण मसाल्यात बसवलेल्या फरशीला त्याचा त्रास नाही. खालची पट्टी राहिली आहे. मजूर आज रात्री गावाला गेले.

वर गच्चीत गळती निघाली. पाणी २ तारखेपासून तुंबवले होते, ४ला पावसाच्या पाण्याच्या पाइपाभोवती छताला हातभर डाग दिसला. पाइपाभोवतीचा कोबा फोडून पुन्हा भरला आणि आजच्या संध्याकाळपासून परत पाणी तुंबवायचे आहे. ९ला कळेल. हा मिस्त्री स्थानिक, म्हणून भगोरियात अडकला नाही.

८ मार्च

पुट्टी फसली.

काल रंगाऱ्यांनी उत्तरेकडच्या भिंतीला पहिला हात दिला. आज सकाळी खालच्या चार फुटांत ती वाळलेलीच नव्हती, बोट लावले की निघते. वरच्या भागात बारीक फोड. गिलावा आतून ओला. पुट्टी खरवडून काढली. ४० किलोचे एक पोते आणि दोन रंगाऱ्यांची दोन दिवसांची मजुरी गेली.

कारण ५ फेब्रुवारीच्या बैठकीत आहे. मूळ पत्रकात पाणी मारणे २८ फेब्रुवारीला संपत होते आणि पुट्टी ७ मार्चला सुरू होत होती. मधले सहा दिवस फरशीचे. त्या सहा दिवसांत भिंती वाळत होत्या, पण "वाळणे" अशी ओळ पत्रकात कुणी लिहिलीच नव्हती. ते काम फरशीच्या पोटात लपले होते. फरशी पुढे ओढली तेव्हा वाळण्याचे दिवसही नकळत उडाले. पाणी ५ मार्चला बंद आणि पुट्टी ७ला, मध्ये एकच दिवस.

म्हणजे ५ फेब्रुवारीपासून क्रिटिकल पाथ फरशीतून जातच नव्हता. तो गिलावा, पाणी, वाळणे, पुट्टी असा वळला होता, आणि आम्ही महिनाभर फरशीवर नजर ठेवून होतो. पत्रकात आज ओळ घातली: "गिलावा वाळणे, ६ दिवस", नुसत्या थांबण्याच्या सूत्राने. पाणी ५ला संपले, वाळणे ११ला, पुट्टी १२ला. फरशीला आता पाच दिवसांची सवड आहे, जी तिला नकोच होती.

नवी शेवटची तारीख: पुट्टी-रंग १२ ते २२ (१४ आणि १९ सुट्टी), वीज २४, सफाई २६ मार्च. पाडव्याआधी तीन दिवस.

कुणी विचारेल, मग फरशी पुढे ओढून मिळाले काय? २ एप्रिलचा २६ मार्च झाला, ते सात दिवस मिळाले. भगोरियाचा आठवडा भिंती वाळवण्यात गेला, आणि त्याला मजूर लागत नाहीत. २१ मार्च मिळाल्याचा आनंद तेवढा खोटा होता.

११ मार्च

गच्चीत परवापर्यंत पाणी राहिले, छत कोरडे. पाइपाजवळचा जुना डागही फिका पडला आहे. कोब्याच्या फांदीत दोन दिवस सवड उरली होती.

या वेळी पुट्टीआधी तपासणी केली. काल संध्याकाळी एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिकचे तुकडे चारही भिंतींना आणि छताला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवले. आज सकाळी पाहिले. तीन भिंती आणि छत कोरडे. उत्तरेकडच्या भिंतीवर तळाला प्लास्टिकच्या आत बारीक थेंब. त्या भिंतीवर ऊन येत नाही. दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून मोठा पंखा लावला आहे. उद्या इतर भिंतींपासून सुरुवात, ही शेवटी.

एक सूचना आली की पंखे आणि हॅलोजन आधीच लावून चार दिवसांत वाळवले असते. पंखा हरकत नाही. हॅलोजन जवळून लावला की गिलावा वरून आखडतो आणि केसासारख्या चिरा जातात, मग त्या बुजवायला आणखी दिवस.

१६ मार्च

काल मजूर परतले, ठरल्याप्रमाणे. खालची पट्टी दोन दिवसांत लावून झाली. उत्तरेकडच्या भिंतीवर पुन्हा प्लास्टिक लावले होते, कोरडे निघाले, आज तिला पुट्टी.

२२ मार्च

रंग संपला. ताज्या फरशीवर शिडी ओढून दोन ओरखडे पडले. प्लास्टिकवर पुठ्ठे अंथरायचे राहिले होते.

२७ मार्च

खोली तयार. २६ म्हटले होते, एक दिवस जास्त गेला: स्लॅबची उंची पत्र्यापेक्षा जास्त, जुने पंख्याचे रॉड आखूड पडले, नवे आणायला वीजवाल्याचा एक दिवस मोडला. या कामाला सवड शून्यच, म्हणून तो दिवस सरळ शेवटच्या तारखेत उतरला.

उशिराचा रोख खर्च, ज्याच्या पावत्या आहेत: मिक्सर १,५०० आणि सेंट्रिंगचे भाडे ४,२५०. पुट्टीचे पोते आणि रंगाऱ्यांचे दोन दिवस त्यांच्या अंतिम बिलात येतील.

पत्रकाची शेवटची प्रत मंडळाच्या कपाटात आहे. त्यात सुट्ट्यांचे दोन स्तंभ आहेत, मजुरांचा आणि रंगाऱ्यांचा. पुढच्या वर्षी वरचा मजला घ्यायचा झाला तर धुळवडीची तारीख पाहून तिच्या आधीचे सात दिवस मजुरांच्या स्तंभात आधी भरावेत.